मेक्सिकोच्या दुकानातलं हे पिवळं चाक गोव्यात कोणत्या नावाने मिळेल?

शेवंती_फोंडा

नमस्कार मंडळी. माझे धाकटे दीर क्रूझवर कामाला आहेत. जहाज मेक्सिकोच्या कोझुमेल बंदरात लागलं होतं, तेव्हा तिथल्या एका किराणा दुकानातून त्यांनी एका पाकिटाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सोबत लिहिलंय, "वहिनी, खाल्लं तर लहानपणीची चव आठवली. आपल्याकडे हे कशाला म्हणतात ते बघा ना, चवथीला येईन तेव्हा तळूया."

फोटोतलं पाकीट पारदर्शक आहे. आत गाडीच्या चाकासारखे तळलेले तुकडे आहेत. मधे तुंबा, त्याला सहा आरे, बाहेर गोल धाव. रंग पिवळा-नारिंगी, वरून लाल पूड भुरभुरलेली. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'चिचारोनेस' आणि खाली बारीक अक्षरात आणखी दोन शब्द आहेत, ते वळलेल्या घडीत गेलेत. वरच्या कोपऱ्यात दोन काळे अष्टकोनी शिक्के आहेत. दीर म्हणतात आंबट-तिखट लागतं.

आमच्याकडे सासूबाई श्रावण कडक पाळतात आणि चवथीचे दिवसही शाकाहारीच असतात. म्हणून विचारते. हे नक्की काय आहे, त्यात मांसाहारी काही आहे का, आणि गोव्यात हे कुठल्या नावाने मिळेल?

आग्वादचा_वारा

ताई, हे घरात आणू नका. चिचारोन म्हणजे डुकराची कातडी तळून फुलवलेली. मी जहाजावर बरीच वर्षं काढली आहेत. आमच्याबरोबरचे फिलिपिनो खलाशी हेच व्हिनेगरमध्ये बुडवून खायचे, त्यांच्याकडेही नाव तेच. स्पॅनिश लोक जिथे जिथे गेले तिथे हा पदार्थ गेला. श्रावणात तर विचारच नको.

पेलेटवाला_मडगाव

वारा, नावाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण फोटोतलं चाक डुकराच्या कातडीचं असू शकत नाही. कातडी फुलली की वेडीवाकडी वळते, प्रत्येक तुकडा वेगळा असतो. इथे सगळे तुकडे एका मापाचे आहेत, आरे मोजून सारखे आहेत. असा आकार पिठाच्या लगद्याला साच्यातून दाबून काढल्याशिवाय येत नाही.

शेवंतीताई, घडीत गेलेले ते दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. दिरांना पाकिटाची मागची बाजू पाठवायला सांगा. पाकीट फेकलं असेल तर 'इन्ग्रेदिएन्तेस' लिहिलेल्या ओळीचा तरी फोटो दुकानातून मिळतो का बघा. समोरच्या बाजूवरून ठरवू नका. त्या देशात आपल्यासारखा हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण छापत नाहीत, त्यामुळे शाकाहारी की मांसाहारी हे घटकांच्या यादीतूनच काढावं लागतं. काळे अष्टकोन म्हणजे तिथल्या सरकारने 2020 पासून सक्तीचे केलेले इशारे आहेत. मीठ, कॅलरी, साखर वगैरे जास्त असलं की छापावे लागतात. शाकाहाराशी त्यांचा संबंध नाही.

लिस्बनहून_बहीण

माझाही असाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारते. माझी बहीण लिस्बनला असते. तिने 'बटाटा पाल्या' लिहिलेल्या पाकिटाचा फोटो पाठवलाय. काडीसारखे बारीक बटाटे तळलेले दिसतात. हे आपल्याकडे कुठे मिळेल? मला माशाबरोबर करायचं आहे, पणजीत कुठे दिसलं नाही.

पेलेटवाला_मडगाव

बहीणताई, ते सरळ आहे. उपवासाच्या बटाट्याच्या चिवड्यासाठी जो तळलेला किस मिळतो तोच घ्या, फक्त साखर, दाणे आणि मिरची न घातलेला, नुसत्या मिठाचा. पोर्तुगालमध्ये तो बाकल्याव आणि अंड्याबरोबर परततात. तिथल्या काड्या आपल्या किसापेक्षा किंचित जाड आणि सरळ असतात एवढाच फरक. माशात शेवटी, आच बंद करताना घाला, नाहीतर लगदा होईल.

डिचोलीकर_77

एवढा शोध कशाला? ऑनलाइन मागवा की. परदेशातून पार्सल येतं, थोडा कर भरावा लागतो.

शेवंती_फोंडा

डिचोलीकर, मला तेच पाकीट नको आहे. इथे काय मिळतं ते हवं आहे.

दिरांकडे पाकीट होतं! मागचा फोटो आला. घडी उलगडल्यावर पूर्ण नाव 'चिचारोनेस दे आरिना' असं आहे. घटक मला जसे वाचता आले तसे देते. आरिना दे त्रिगो, मग आल्मिदोन दे माइस, मग आसेइते वेहेताल, साल, बिकार्बोनातो दे सोदियो, मग चिले, आसिदो सित्रिको, आणि शेवटी दोन रंग, आमारियो सिंको आणि रोहो कुआरेंता. कोणी सांगेल का?

पेलेटवाला_मडगाव

आता नीट सांगता येईल.

पहिला घटक गव्हाचं पीठ. यादीत जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहितात, म्हणजे हे मुळात गव्हाचं आहे. दुसरा मक्याचा स्टार्च. तिसरं वनस्पती तेल. मग मीठ, खायचा सोडा, मिरची, लिंबूसत्व. शेवटचे दोन रंग आपल्याकडच्या पाकिटांवर 102 आणि 129 या आकड्यांनी दिसतात, पिवळा आणि लाल. नावातलं 'दे आरिना' म्हणजे पिठाचं. स्पेनमध्ये गव्हाच्या अशाच पदार्थाला 'कोर्तेसास दे त्रिगो' म्हणतात आणि तिथेही त्याच्या शेजारी डुकराच्या कातडीची पाकिटं लागलेली असतात. मूळ पदार्थ कातडीचा, त्याच्यासारखा कुरकुरीत पिठाचा केला आणि नाव तेच पुढे राहिलं.

म्हणून ज्यांना शाकाहार सांभाळायचा आहे त्यांनी अशा पाकिटावर तीन गोष्टी शोधाव्यात. 'सेर्दो' हा शब्द कुठेही असला तर ते डुकराचं. 'मान्तेका दे सेर्दो' असेल तर पीठ गव्हाचं असलं तरी चरबी डुकराची. आणि लाल मसाल्यात 'कार्मिन' असेल तर तो रंग किड्यापासून काढलेला असतो. तुमच्या यादीत तिन्ही नाहीत.

आता गोव्यातलं. मी पेलेटच्या कारखान्यात लाइनवर काम केलंय आणि आता घाऊक दुकान आहे. हा माल आपल्या बाजारात भरपूर आहे. व्यापारी त्याला पेलेट म्हणतात, गिऱ्हाईक फ्रायम्स म्हणतं. फ्रायम्स हे मुळात एका कंपनीच्या मालाचं नाव, पण आता कुठल्याही कंपनीचा माल त्याच नावाने मागतात. दुकानात जाऊन "कच्चे फ्रायम्स, चाकाचे" म्हणा. कोणी 'चाकं' म्हणेल, कोणी 'चक्री'. पोतं किंवा मोठी पिशवी उघडून वजनावर देतात. फोंड्यात वरच्या बाजारात किराण्याच्या जुन्या दुकानांत बघा, म्हापशाला शुक्रवारी बाजार भरतो तेव्हाही मिळेल.

मिरामार_मनीषा

अहो ही तर बॉबी! जत्रेत पिशव्या भरून टांगलेल्या असतात त्या पिवळ्या नळ्या. मुलं बोटात अंगठीसारख्या घालून खातात. त्याच घ्या, शोधायची गरजच नाही.

पेलेटवाला_मडगाव

मनीषाताई, घराणं एकच आहे, पण ताईंच्या दिरांना जे हवंय ते त्या नळीत मिळायचं नाही. जत्रेतली नळी पातळ भिंतीची असते, तोंडात टाकली की विरघळते. फोटोतलं चाक दाताला लागतं, आऱ्याचा कट्ट आवाज येतो. हा फरक पिठातून येतो. गव्हाचं पीठ किंवा मैदा जास्त असेल तर फुलल्यावर आत बारीक बारीक जाळी पडते आणि भिंत जाड राहते. साबुदाण्याचा किंवा बटाट्याचा स्टार्च जास्त असेल तर मोठी पोकळ भोकं पडतात आणि तुकडा हलका होतो. तळलेलं एक चाक मधोमध मोडून उजेडात धरलं तर हे दिसतं. तांदळाचं असेल तर पांढरं, ठिसूळ, आणि खाताना कुरडईची आठवण येते.

त्यामुळे चाकाचा आकार मिळाला म्हणून लगेच घेऊ नका. आपल्याकडे त्याच साच्यातून कोणी मैद्याचा माल काढतो, कोणी तांदूळ-साबुदाण्याचा. दुकानदाराला मूळ पिशवी दाखवायला सांगा. तिच्यावर घटक असतात आणि चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. पहिला घटक गहू किंवा मैदा असेल तोच माल घ्या. पिशवी दाखवायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा. रंगीबेरंगी चाकं असतात, लाल-हिरवी, ती नको असतील तर फिकट पिवळी किंवा बिनरंगाची मागा.

आग्वादचा_वारा

पेलेटवाले, पीठ गव्हाचं मान्य. पण तिकडे रस्त्यावरच्या गाड्यांवर हेच चाक डुकराच्या चरबीत तळलेलंही मिळू शकतं. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी एकाच कढईत दोन्ही तळलेलं आहे. तिकडे जाणाऱ्या पोरांनी सुटं घेऊन घरी आणू नये, एवढं तरी लिहा.

पेलेटवाला_मडगाव

बरोबर आहे, लिहितो. सुट्या मालाला घटकांची यादी नसते. शाकाहारी माणसाने बंद पाकीटच घ्यावं, तेही 'आसेइते वेहेताल' वाचून.

सावित्री_साखळी

मेक्सिकोत ही चाकं कोरडी खातात तशी वर तिखट सॉस आणि लिंबू पिळूनही खातात. माझा भाचा तिथे शिकायला होता, त्याने सांगितलं. मोठे चौकोनी पापडाएवढे तुकडेही असतात, त्यावर कोबी, टोमॅटो, साय घालतात, आपल्या मसाला पापडासारखं. शेवंती, तुझ्या दिराने पाकिटातलं खाल्लंय म्हणजे त्याला कोरड्या मसाल्याची चव हवी. चाकं मिळाली की सांग, मसाल्याचं मी सांगते.

शेवंती_फोंडा

मंडळी, चाकं मिळाली. वरच्या बाजारात एका दुकानदाराने पिशवी दाखवली. पहिला घटक मैदा, मग मक्याचा स्टार्च, मीठ, सोडा. रंगाच्या जागी 'परवानगी असलेला कृत्रिम रंग' आणि 102 आकडा. म्हणजे जवळपास तीच यादी.

पण घरी तळली तर काही चाकं छान फुलली आणि काही मधे पांढरी, कडक राहिली. तुंबा खडा राहतो आणि धाव फुलते. एक तर फुललंच नाही, तेलाच्या तळाशी बसून तपकिरी झालं. दुकानदार म्हणतो माल ताजा आहे. तेल कमी पडलं का?

मिरामार_मनीषा

तेल जुनं असेल.

पेलेटवाला_मडगाव

तेल जुनं असून असं होत नाही, त्याने वास येतो.

हे चाक फुलतं कशाने ते आधी सांगतो, म्हणजे दोष कुठे आहे ते तुम्हालाच कळेल. कारखान्यात पिठाचा लगदा वाफेने शिजवतात, साच्यातून दाबतात, कापतात आणि सावकाश वाळवतात. वाळल्यावरही आत थोडं पाणी शिल्लक ठेवतात, वजनाच्या साधारण दहा-बारा टक्के. कच्चं चाक उजेडात धरलं तर काचेसारखं अर्धपारदर्शक दिसतं. गरम तेलात पडलं की ही काच मऊ होते आणि त्याच क्षणी आतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुगवते. मऊ होणं आणि वाफ होणं या दोन गोष्टी एकाच वेळी घडायला हव्यात. तेल थंड असेल तर पाणी हळूहळू निघून जातं आणि काच तशीच राहते. तळाशी बसून तपकिरी झालेलं तुमचं चाक तसंच झालं.

मधे कडक आणि कडेला फुललेलं म्हणजे बहुतेक ओल. आता पावसाळा आहे. दुकानात पोतं उघडं असतं, तुम्ही घरी आणून डबा उघडा ठेवला असेल तर दोन-तीन दिवसांत चाक हवेतलं पाणी ओढतं. तुंबा जाड असतो, तिथे ओल जास्त मुरते. ओलसर चाकाला तेलाची बरीच उष्णता नुसतं पाणी उडवायला लागते आणि फुगायला उरत नाही. ओळखायचं असेल तर एक कच्चं चाक दोन बोटांत धरून मोडा. कोरडं असेल तर टिचकन तुटतं आणि कडा धारदार येते. ओल असेल तर आधी जरा वाकतं, मग मोडतं.

तेलासाठी थर्मामीटर असेल तर 190 अंशांच्या आसपास ठेवा. नसेल तर एक चाक सोडून बघा. ते बुडतं आणि दोन-तीन सेकंदांत वर येऊन उघडायला लागतं तेव्हा तेल बरोबर. तळाशी पडून बारीक बुडबुडे सोडत राहिलं तर थंड. उघडायच्या आधीच आरे लाल व्हायला लागले तर जास्त गरम. आणि कढईत एका वेळी थोडीच सोडा. ती तिप्पट-चौपट होतात, शिवाय एकदम मूठभर टाकली की तेलाचं तापमान पडतं आणि पुन्हा तोच थंड तेलाचा दोष येतो.

सावित्री_साखळी

ओलीवर आमचा जुना उपाय आहे. पूर्वी चुलीवरच्या माळ्यावर सूप ठेवायचे, सांडगे, पापड सगळं तिथे राहायचं. आता चूल नाही. ओव्हन असेल तर सगळ्यात कमी आचेवर, 60 अंशांवर, चाकं पसरून तासभर ठेव. ओव्हन नसेल तर भाकरी झाल्यावर आच बंद करून तवा जरा निवला की त्यावर कापड घालून पसर, वरून झाकण नको. दर अर्ध्या तासाने एक तळून बघ.

पेलेटवाला_मडगाव

सावित्रीताईंनी तळून बघायला सांगितलं ते फार योग्य आहे, कारण जास्त वाळवूनही चालत नाही. आतलं सगळं पाणी गेलं तर फुगवायला वाफच उरत नाही. जास्त वाळलेलं चाक तेलात टाकण्याआधीच आऱ्यांजवळ तडकतं. तडा दिसला की थांबा. आणि वाळवून झालं की लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत, गार झाल्यावर. गरम भरलं तर झाकणाला घाम येतो आणि पुन्हा ओल.

फातर्पेकर_मीना

माझा मुलगा गहू खाऊ शकत नाही, डॉक्टरांनी पूर्ण बंद केलाय. जत्रेला गेलो की त्याला हीच चाकं हवी असतात. तांदळाची चाकं मिळतात असं वर लिहिलंय, ती त्याला चालतील का? कोणत्या दुकानात?

पेलेटवाला_मडगाव

मीनाताई, इथे मी हो म्हणणार नाही. तांदूळ-साबुदाण्याची चाकं बाजारात आहेत, पण वरून ती मैद्याच्या चाकांसारखीच दिसतात. मी काम करायचो तिथे एकाच मशिनवर सकाळी मैद्याचा माल आणि दुपारी तांदळाचा निघायचा. मधे साफ करायचे, पण साच्याच्या खाचांत पीठ राहतं. वर तळताना दुकानदाराची कढई एकच. ज्याला नुसतं पचनाला जड जातं त्याला कदाचित चालेल, पण तुमच्या मुलासारख्या मुलाला तेवढं पीठही पुरेसं होतं. बंद पाकिटावर ग्लुटेन नाही असं स्पष्ट छापलेलं असेल तरच, आणि घरच्या वेगळ्या तेलात. चाकाच्या आकारात असा माल मी पाहिलेला नाही.

फातर्पेकर_मीना

समजलं. मग जत्रेतलं नकोच. घरी साबुदाण्याच्या चिकवड्या करते, त्या तरी चालतात त्याला.

सावित्री_साखळी

मीना, चिकवड्या उत्तम. मुलाला चाकच हवं असेल तर शिजवलेला साबुदाणा जाड प्लास्टिकच्या पिशवीत भर, कोपरा कापून चाकाच्या आकारात पिळ. आरे जाड काढ, वाळताना आटतात. साबुदाणा टॅपिओकाचा असतो, गहू नसतो, पण पाकीट बंदच आण, सुटा नको.

शेवंती, आता मसाला. ब्याडगीची पूड दोन चमचे, बारीक मीठ एक चमचा, लिंबूसत्व अर्धा चमचा, पिठीसाखर पाव चमचा. सगळं कोरड्या मिक्सरच्या भांड्यात एकदा फिरव. लिंबूसत्वाचे खडे तसेच राहिले तर एका घासाला जीभ चरचरते आणि पुढच्याला काहीच लागत नाही. मिठाचंही तसंच, जाडं मीठ चाकावर टिकत नाही, तळाला जमतं. चाकं तेलातून काढली की अर्ध्या मिनिटाच्या आत भुरभुरव. तेव्हा वर तेलाचा पातळ थर ओला असतो, पूड त्यावर धरते. गार झाल्यावर टाकलीस तर सगळी परातीत. ताजं लिंबू पिळू नको, चाक लगेच मऊ पडतं. पिळायचंच असेल तर वाटीत वाढल्यावर, खाण्याच्या क्षणी.

मिरामार_मनीषा

मायक्रोवेव्हमध्येही फुलतात हो ही. बिनतेलाची. आमच्याकडे तेच करतो.

सावित्री_साखळी

फुलतात, पण मग पूड कशावर धरणार? बोटाने तेल लावून चोळावं लागेल. आणि मधे जळका डाग येतो कधी कधी.

शेवंती_फोंडा

केली! चाकं ओव्हनमध्ये 60 अंशांवर ठेवली. पहिल्या अर्ध्या तासानंतर तळली तर तुंबा थोडा कडक होता, तासाने काढलेली पूर्ण फुलली, मधेसुद्धा. मोडून उजेडात बघितलं, जाळी बारीक आहे, जाड भिंत आहे, पेलेटवाल्यांनी सांगितली तशी. मसाला सावित्रीताईंच्या मापाने केला. मला आंबटपणा कमी वाटला म्हणून लिंबूसत्व थोडं वाढवलं, पाऊण चमचा. सासूबाईंनी खाल्ली आणि म्हणाल्या, बाजारातल्या चाकाला असा आंबट मसाला का नाही लावत.

दिरांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं की रंग त्यांच्या पाकिटापेक्षा फिकट आहे आणि त्यांच्या मसाल्याला धुरकट वास होता. तो कशाचा असेल?

पेलेटवाला_मडगाव

रंग फिकट असण्याला हरकत नाही. त्यांच्या पाकिटात लाल रंग वेगळा घातलेला आहे, तुम्ही तो घातला नाहीत. धुरकट वासाचं मात्र घटकांच्या यादीवरून कळत नाही, तिथे नुसतं 'चिले' लिहिलंय. मेक्सिकोत काही मिरच्या धुरावर वाळवतात, चिपोतले त्यातली प्रसिद्ध. पण या पाकिटात तीच आहे असं मी सांगू शकणार नाही.

आग्वादचा_वारा

ताई, धूर हवा असेल तर आपल्याकडे उपाय आहे. काही घरांत अजून पावसाळ्यासाठी मिरच्या चुलीवर टांगतात, साखळी-वाळपईकडे विचारा. त्यातल्या एक-दोन ब्याडगीत वाटून बघा. जास्त नको, कडू होईल.

सावित्री_साखळी

मिळतील. आमच्या शेजारी चूल आहे अजून, त्यांच्याकडे टांगलेल्या असतात. शेवंती, साखळीला येशील तेव्हा घेऊन जा. पण देठ आणि बिया काढूनच वाट, धुराची काजळी देठाशी जास्त बसते.

शेवंती_फोंडा

येत्या रविवारी येते ताई. लाल मसाला दोन प्रकारांनी करून ठेवते, एक साधा आणि एक त्या मिरच्यांचा. दीर आले की दोन्ही वाट्या त्यांच्यापुढे ठेवून कोणता जवळचा ते इथे लिहीन. पेलेटवाले, चवथीपर्यंत कच्ची चाकं टिकवायला बरणीत आणखी काही घालावं लागेल का?

पेलेटवाला_मडगाव

काचेची बरणी, रबरी झाकण, आणि आत एका पातळ कापडाच्या पुरचुंडीत मूठभर तांदूळ चांगले भाजून गार करून. तांदूळ ओल ओढतात. दर आठवड्याला पुरचुंडी पुन्हा भाजा. तळायच्या आदल्या दिवशी एक चाक मोडून बघा, वाकलं तर अर्धा तास ओव्हन.